गाडी परत घेताना: ओरखडा नवा की जुना, हे नोंदी शेजारी ठेवून कसं ठरवायचं

सेल्फ-ड्राइव्ह गाड्यांच्या यार्डात नव्यानं लागलेल्या मुलांकडून पहिल्या आठवड्यात हमखास एक चूक होते. गाडी आत येते, मुलगा तिच्याभोवती चक्कर मारतो, मागच्या बंपरवर ओरखडा दिसतो आणि तो लगेच म्हणतो, "साहेब, हे तुमच्याकडून लागलंय." गाडी बाहेर जाताना काढलेले फोटो त्यानं अजून उघडलेलेही नसतात. ग्राहक चिडतो, आवाज चढतात, आणि मग फोटो बघितल्यावर कळतं की तो ओरखडा चार भाड्यांपूर्वीचा आहे. मी पुण्यात अशा एका यार्डात बरीच वर्षं गाड्या द्यायचं-घ्यायचं काम केलं आणि पुढे नव्या मुलांना ते शिकवलं. त्यातला जो भाग सगळ्यात जास्त चुकतो तेवढाच इथे लिहितो आहे: परत आलेल्या गाडीवर दिसलेलं नुकसान आधीच्या नोंदीशी कसं ताडायचं आणि त्याचा रिपोर्ट कसा लिहायचा. गाडी भाड्यानं घेणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, समोरचा माणूस काय बघतोय हे त्यांना कळेल.

आधी एक नियम मनात पक्का करा. दिसलेल्या प्रत्येक खुणेचा निकाल तीनपैकी एक असतो: जुनं, नवं, किंवा ठरवता येत नाही. नवं म्हणायला पुरावा एकच चालतो, गाडी बाहेर जाताना ती जागा स्वच्छ होती हे दाखवणारा फोटो. आधीच्या फोटोत ओरखडा दिसत नाही, एवढ्यानं भागत नाही. त्या फोटोत ती जागा तरी दिसते आहे का, हे बघायचं. उन्हाची तिरीप पडून दार पांढरंफटक झालं असेल, बंपरचा कोपरा फोटोच्या बाहेर राहिला असेल किंवा गाडी चिखलानं माखलेली असेल, तर तो फोटो त्या जागेबद्दल काहीच सांगत नाही. अशा वेळी तिसरा निकाल लिहायचा आणि त्याचे पैसे ग्राहकाकडून घ्यायचे नाहीत. नोंद अपुरी ठेवली ती आपण, तिचा भुर्दंड त्याला का?

बाहेर जातानाची नोंद

ताडून बघायचं काम गाडी परत आल्यावर सुरू होत नाही, ती बाहेर जाते तेव्हाच होतं. चेकलिस्टवर "सर्व ठीक" असं लिहून सही घेतलेली असेल तर त्या कागदाचा पुढे काही उपयोग नसतो, कारण "सर्व" म्हणजे काय काय बघितलं हे कुणालाच सांगता येत नाही.

आमच्या यार्डात गाडी नेहमी एकाच खणात लावायची पद्धत होती. त्या खणाभोवती जमिनीवर पिवळ्या रंगाचे ठिपके मारले होते आणि फोटो काढणाऱ्यानं त्या ठिपक्यांवरच उभं राहायचं. चार कोपरे आणि चार बाजू असे आठ ठिपके. सुरुवात ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्यापासून आणि मग घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पुढे. त्यामुळे चौथ्या क्रमांकाचा फोटो म्हणजे कुठलीही बाजू असं कधी होत नसे. सगळ्या गाड्यांचा, सगळ्या भाड्यांचा तिसरा फोटो मागच्या उजव्या कोपऱ्याचाच असे. दोन फोटो शेजारी ठेवले की ते एकमेकांवर जवळपास बसतात, आणि डोळा फरक आपोआप पकडतो. वेगवेगळ्या कोनातून काढलेले फोटो ताडायला बसलात तर अर्धा तास जातो आणि तरी खात्री वाटत नाही.

या आठांनंतर चारही चाकं, दोन्ही बंपरची खालची कड (खाली वाकून), पुढची काच, टप, आतल्या सीट, डिकीतली स्टेपनी आणि चालू डॅशबोर्ड, ज्यात किलोमीटर आणि इंधनाचा काटा दोन्ही दिसले पाहिजेत. आधीपासून असलेल्या प्रत्येक खुणेचा एक फोटो जवळून, एक लांबून. डावं-उजवं कायम ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यासारखं धरायचं. गाडीसमोर उभं राहून डावं-उजवं लिहिणारा एकजण दर महिन्याला निघतोच, आणि त्याच्या नोंदीमुळे चुकीचं दार रंगवलं गेलेलं मी बघितलं आहे.

परत आल्यावर आधी गाडी दिसेल अशी करा

कोकणातून किंवा घाटातून आलेल्या गाडीवर लाल मातीचा थर असतो. त्यावर ओरखडे शोधू नका. दोन बादल्या पाणी मारून खालचा अर्धा भाग मोकळा करा आणि मग कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. पुसणं महत्त्वाचं आहे, कारण वरवरच्या बारीक ओरखड्यात पाणी भरलं की तो दिसेनासा होतो. ओली गाडी नेहमी सुंदर दिसते. पावसात गाडी आली तर शेडखाली घेऊन पुसल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असं लिहायचं नाही. ग्राहकाला ट्रेन गाठायची असेल आणि धुवायला वेळच नसेल, तर तसं स्पष्ट लिहा: "गाडी मळलेली, खालचा भाग तपासला नाही", आणि त्यावर दोघांच्या सह्या.

पोचा बघायची युक्ती वेगळी. समोरून बघितलं तर उथळ पोचा दिसत नाही, आणि समोरून काढलेल्या फोटोत तर नाहीच. दाराच्या कडेशी डोळा नेऊन पत्र्याच्या लांबीकडे तिरकं बघा. शेडमधल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर सरळ रेघेसारखं पडतं. पोचा असेल तिथे ती रेघ वाकते. फोटोही तसाच तिरका काढा. रात्री मोबाइलचा टॉर्च पत्र्याच्या अगदी लगत, आडवा धरा, ओरखडे उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की फक्त पांढरा डाग येतो.

एक गाडी, तीन खुणा

पद्धत उदाहरणातूनच नीट कळेल. पांढरी स्विफ्ट, शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी बाहेर गेली आणि सोमवारी सकाळी सव्वाआठला परत आली. किलोमीटर जाताना ४१,२३६, येताना ४२,११८. एक ताई आईवडिलांना घेऊन तारकर्लीला जाऊन आल्या होत्या. गाडी पुसून झाल्यावर तीन खुणा दिसल्या.

पहिली, मागच्या बंपरच्या उजव्या कोपऱ्यावर निळसर घासल्याची खूण. लांबी ११ सेंमी, रुंदी साधारण ३ सेंमी, जमिनीपासून ४८ सेंमी उंचीवर. शुक्रवारचा तिसरा फोटो उघडला. कोपरा स्पष्ट दिसत होता, मोठा करून बघितला तरी स्वच्छ. म्हणजे नवं. इथे आमचा मुलगा फडकं आणि पॉलिश घेऊन पुसायला निघाला होता, त्याला थांबवलं. आधी फोटो, मग पुसणं. फोटो काढून पॉलिशनं पुसल्यावर बराचसा निळा रंग निघून गेला, कारण तो दुसऱ्या गाडीचा रंग आमच्या रंगावर चढलेला होता. खाली खरा ओरखडा उरला तो फक्त ४ सेंमीचा. त्यावरून नख फिरवलं की नख अडकत होतं आणि तळाशी बंपरचं काळं प्लास्टिक दिसत होतं. नख अडकत नाही तो ओरखडा बहुधा वरच्या पारदर्शक थरापुरता असतो आणि पॉलिशनं जाऊ शकतो. नख अडकलं तर रंगकाम आलं. रिपोर्टमध्ये दोन्ही मापं लिहिली, पुसण्याआधीचं आणि नंतरचं. फक्त ११ सेंमी लिहिलं असतं तर ताईंवर अन्याय झाला असता.

दुसरी, डाव्या पुढच्या दारावर हँडलच्या खाली ६ सेंमीची बारीक आडवी रेघ. शुक्रवारच्या फोटोत नेमकं त्याच पट्ट्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलेलं होतं. चेकलिस्टवरही ती खूण नव्हती. इथे नवा माणूस "नवं" लिहून मोकळा होतो. आम्ही एक पायरी मागे गेलो. त्याच्या आधीच्या भाड्यावरून गाडी बुधवारी दुपारी परत आली होती, तेव्हाचे फोटो उघडले. दुपारच्या उजेडात ती रेघ साफ दिसत होती. म्हणजे जुनं, आणि शुक्रवारी गाडी देणाऱ्यानं ती चेकलिस्टवर उतरवायची राहिली होती. लक्षात ठेवा, प्रत्येक भाड्याआधीच्या नोंदी दोन असतात: या ग्राहकाला दिली तेव्हाची आणि मागच्या ग्राहकाकडून घेतली तेव्हाची. एक गप्प असेल तर दुसरी बोलते.

तिसरी खूण डाव्या पुढच्या चाकाच्या अलॉयवर, फुटपाथच्या कडेला घासल्यासारखी. चाकाचा फोटो होता, आणि त्यात अशी खूण दिसत नव्हती. पण चाक फिरतं. फोटोत वर दिसणारा भाग आज खाली असतो. म्हणून चाकाची खूण नेहमी हवा भरायच्या व्हॉल्व्हपासून मोजायची. व्हॉल्व्हपासून घड्याळाच्या दिशेनं आरे मोजत गेलो, खूण तिसऱ्या आऱ्याच्या टोकाशी होती. शुक्रवारच्या फोटोत व्हॉल्व्ह शोधला, तिथून तीन आरे मोजले, तर ती जागा चाकाच्या अगदी तळाशी, गाडीच्या सावलीत गेलेली. काळोखापलीकडे काही नाही. बुधवारच्या फोटोत हे चाक अर्धवट आलेलं. ताईंनी गाडी घेताना स्वतःच्या मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, तोही बघितला. कॅमेरा त्या चाकावरून भर्रकन गेला होता, चित्र पुसट. निकाल: ठरवता येत नाही. पैसे नाहीत.

ग्राहकाचा व्हिडिओ मागून बघायला कमीपणा वाटून घेऊ नका. त्याच्या नोंदीत जागा आपल्यापेक्षा स्पष्ट दिसत असेल तर त्याचीच नोंद ग्राह्य धरायची.

गंज आणि मळ यांवरूनही काही अंदाज बांधता येतो, पण तो आधारापुरताच. ताज्या ओरखड्याच्या कडेला रंगाची बारीक पूड असते, बोट फिरवलं की बोटाला लागते. जुन्या ओरखड्यात मळ बसून काळी रेघ तयार होते, धुतल्यानं ती निघत नाही. उघड्या पत्र्यावर पावसाळ्यात काही दिवसांतच तांबूस गंज दिसतो. पण बंपर प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही. अलॉयवरही लाल गंज येत नाही. आणि पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पत्रा बराच काळ तसाच राहू शकतो. "गंज नाही म्हणजे तुमचंच" असं म्हणणाऱ्या माणसानं नोंद ठेवलेली नसते, असा माझा अनुभव आहे.

विचारणं आणि लिहिणं

नवं ठरल्यावर ग्राहकाला दोन्ही फोटो शेजारी दाखवा आणि विचारा. आरोप करू नका. "ताई, हा शुक्रवारचा फोटो, हा आत्ताचा. या कोपऱ्यावर काही लागलं होतं का प्रवासात?" ताईंनी लगेच सांगितलं, "मालवणच्या बाजारात गाडी लावून जेवायला गेलो होतो, परत आलो तेव्हा दिसलं. मला वाटलं पुसलं की जाईल." निळा रंग आणि ४८ सेंमीची उंची या सांगण्याशी जुळत होती, शेजारच्या गाडीचा बंपर साधारण त्याच उंचीला येतो. तरी रिपोर्टमध्ये "शेजारच्या गाडीनं घासलं" असं लिहायचं नाही, आपण तिथे नव्हतो. आम्ही लिहिलं ते असं:

"मागचा बंपर, उजवा कोपरा. निळसर घासल्याची खूण, ११ × ३ सेंमी, जमिनीपासून ४८ सेंमी. पुसल्यावर उरलेला ओरखडा ४ सेंमी, नख अडकतं, प्लास्टिक दिसतं. पोचा नाही, तडा नाही, बंपर जागेवरून हललेला नाही. शुक्रवारचा फोटो क्र. ३: जागा स्पष्ट, खूण नाही. आजचे फोटो क्र. ३, २१, २२. ग्राहकाच्या म्हणण्यानुसार मालवण येथे गाडी उभी असताना झालं. निकाल: नवं."

बाकीच्या दोन खुणाही त्याच कागदावर, त्यांच्या निकालासकट आणि कारणासकट उतरवल्या. हे टाळायचा मोह होतो, जुन्या खुणांचा कशाला उल्लेख, असं वाटतं. पण ग्राहकाला तीनपैकी दोन खुणा आपण स्वतःहून सोडल्या हे दिसतं, तेव्हा तिसरीवर तो सही करतो. सही न करणाऱ्याला जबरदस्ती करायची नाही. "ग्राहकाला मान्य नाही" असं लिहून त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरवायचं, आणि प्रत त्याला द्यायची.

जवळून काढलेल्या फोटोत ओरखड्याशेजारी फूटपट्टी धरा. नुसत्या जवळच्या फोटोवरून तो कुठल्या गाडीचा कुठला भाग आहे ते कळत नाही, म्हणून सोबत लांबचा फोटो हवाच, ज्यात नंबरप्लेट किंवा दिवा दिसेल. मूळ फोटोवर गोल काढू नका, तो कापू नका. खुणा करायच्या त्या प्रतीवर. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि फोटोच्या फाइलमधली तारीख-वेळेची माहितीही निघून जाते, त्यामुळे ग्रुपवर टाकलेला फोटो हा रेकॉर्ड धरू नका. मूळ फाइल मोबाइलमधून थेट गाडीच्या आणि तारखेच्या फोल्डरमध्ये गेली पाहिजे.

ग्राहक गेल्यावर सापडलं तर

कधी धुताना काही दिसतं, जे आधी दिसलं नव्हतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे डॅशबोर्डचा फोटो. परत घेताना किलोमीटर ४२,११८ होते आणि आत्ताही ४२,११८ आहेत, हे दिसलं तर निदान गाडी मधे रस्त्यावर फिरलेली नाही एवढं कळतं. ४२,१२३ असतील तर पाच किलोमीटर आपल्याच माणसानं चालवली आहे, वॉशिंगला किंवा पेट्रोल भरायला, आणि मग ते नुकसान ग्राहकाच्या नावावर टाकता येणार नाही. आकडा तोच असला तरी यार्डातल्या यार्डात गाडी हलवताना खांबाला घासू शकते, म्हणून खांबावर रंग लागलाय का तेही बघून या. या दोन्ही शक्यता तपासून, त्याच दिवशी, दोन्ही वेळचे फोटो जोडून ग्राहकाला कळवा. तीन दिवसांनी पाठवलेल्या मेसेजवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवायचं कारणही नाही.

पैशांचं थोडक्यात. रक्कम यार्डातल्या माणसानं अंदाजानं सांगायची नाही, गॅरेजचं लेखी एस्टिमेट घ्यायचं आणि करारात डिपॉझिटमधून काय कापता येतं ते बघायचं. ताईंच्या बाबतीत एस्टिमेट फक्त मागच्या बंपरच्या रंगकामाचं घेतलं. गॅरेजवाला दार आणि अलॉयही "एकाच वेळी करून टाकू" म्हणत होता, ते वेगळं बिल करायला लावलं आणि मालकानं भरलं. एवढ्याशा कामासाठी विम्याचा क्लेम सहसा कुणी करत नाही, कारण क्लेम केला की पुढच्या वर्षीची नो-क्लेम सवलत जाते. पण कुणी जखमी झालं असेल, समोरच्याचं नुकसान झालं असेल किंवा गाडी चालण्याजोगी उरली नसेल, तर ओरखडे मोजत बसू नका. विमा कंपनीला आणि गरजेप्रमाणे पोलिसांना तेव्हाच कळवायचं, आणि गाडी दुरुस्तीला हलवायची ती विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं बघितल्यावर.

फोटो किती दिवस ठेवायचे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून वाद झालेल्या भाड्याचे फोटो आणि कागद निदान तेवढे दिवस सांभाळा. डिपॉझिट विनाकारण कापलं असं ज्या ग्राहकाला वाटतं, तो १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही फोन करू शकतो. त्यानं विचारलं तर नंबर सांगायचा.

रिपोर्टवर सह्या झाल्या तरी एक काम बाकी राहतं. बंपरचा ४ सेंमीचा ओरखडा आणि दाराची राहून गेलेली रेघ, दोन्ही त्याच दुपारी गाडीच्या कायमच्या खुणांच्या यादीत गेल्या पाहिजेत, आणि डाव्या पुढच्या चाकाचा फोटो खूण वर येईल असं चाक फिरवून पुन्हा काढला पाहिजे. ही स्विफ्ट मंगळवारी सकाळी सात वाजता दुसऱ्या ग्राहकाकडे जाणार होती. रंगकाम झालं त्या दिवशी बंपरची नोंद तारीख घालून खोडली आणि तिसऱ्या ठिपक्यावर उभं राहून नवा फोटो काढला.